फरकाचं गणित: नातू मोजा, दोन्ही व्याजं काढत बसू नका

"ताई नमस्कार. मी बँक क्लार्क आणि सरळसेवा भरती दोन्हींची तयारी करतोय. सरळव्याज आणि चक्रवाढ व्याज यांच्यातला फरक विचारला की मी आधी सरळव्याज काढतो, मग रास काढून चक्रवाढ व्याज काढतो आणि मग वजाबाकी करतो. उत्तर बरोबर येतं पण एका गणिताला दोन अडीच मिनिटं जातात. दोन वर्षांचं सूत्र पाठ आहे, पण तीन वर्षं किंवा सहामाही आकारणी आली की सूत्रं एकमेकांत मिसळतात. क्लासमध्ये अजून सात आठ सूत्रं दिलीत, ती लक्षातच राहत नाहीत. काय करू?"
— एक वाचक, लातूर

अरे, सगळ्यात आधी ती सात आठ सूत्रं बाजूला ठेव. क्लार्कच्या पूर्व परीक्षेत गणिताला ३५ प्रश्न आणि २० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला साधारण ३४ सेकंद, त्यात कुठलं सूत्र लावायचं हे आठवण्यातच दहा पंधरा सेकंद गेली तर उरलं काय. मी पण तयारी करताना वहीच्या मागच्या पानावर सूत्रांची यादी चिकटवली होती आणि पेपरमध्ये तीन वर्षांचं गणित आलं तेव्हा कंसात ३०० मिळवायचे की ३ यावरच अडकले होते. नंतर एका सिनियर दादाने एकच गोष्ट विचारली, "फरक म्हणजे नक्की कशाचे पैसे?" आणि तिथून सगळं सुटलं.

तर फरक म्हणजे कशाचे पैसे ते बघू.

समज ८००० रुपये मुद्दल, दर १० टक्के. दरवर्षी मुद्दलावर ८०० रुपये व्याज. सरळव्याजात हे ८०० मिळाले की बाजूला पडून राहतात, त्यांच्यावर पुढे काही मिळत नाही. चक्रवाढमध्ये तेच ८०० पुढच्या वर्षी स्वतः कमवायला लागतात. म्हणजे मुद्दलाने कमावलेलं व्याज दोन्हीकडे अगदी सारखंच आहे, त्यात काही फरकच नाही. फरक फक्त व्याजाने कमावलेल्या व्याजाचा. मग जे दोन्हीकडे सारखं आहे ते दोनदा काढून वजा करण्यात वेळ का घालवायचा?

मी हे घराण्यासारखं लक्षात ठेवते. मुद्दल म्हणजे आजोबा. आजोबांना दरवर्षी एक मुलगा होतो, म्हणजे ८०० रुपये. चक्रवाढमध्ये मुलगा जन्मला की पुढच्या वर्षापासून त्यालाही दरवर्षी एक मुलगा होतो, म्हणजे ८०० चे १० टक्के, ८० रुपये, हा आजोबांचा नातू. नातवाला पुढच्या वर्षी मुलगा झाला की तो पणतू, ८० चे १० टक्के, ८ रुपये. सरळव्याजाच्या घरात फक्त मुलं असतात, नातू कधीच होत नाहीत. म्हणून फरक म्हणजे नातू आणि त्याच्या खालची सगळी पिढी, बस.

आता दोन वर्षं घे. पहिल्या वर्षाच्या शेवटी पहिला मुलगा, दुसऱ्या वर्षाच्या शेवटी दुसरा मुलगा, आणि दुसऱ्या वर्षातच पहिल्या मुलाकडून एक नातू. नातू एकच, म्हणून फरक ८० रुपये. तुला जे सूत्र पाठ आहे, मुद्दल गुणिले दर गुणिले दर भागिले १०,०००, ते म्हणजे हाच एक नातू. तोंडी करताना फक्त दोनदा टक्के काढायचे. १२,५०० वर ८ टक्क्यांनी दोन वर्षांचा फरक? १२,५०० चे ८ टक्के १०००, त्याचे ८ टक्के ८०. झालं, पेन उचलायची पण गरज नाही.

तीन वर्षांत काय होतं ते एकदा सावकाश मोज, कारण गोंधळ सगळा इथेच होतो. पहिल्या मुलाला दुसऱ्या वर्षी एक आणि तिसऱ्या वर्षी एक असे दोन नातू. दुसऱ्या मुलाला तिसऱ्या वर्षी एक. तिसरा मुलगा तिसऱ्या वर्षाच्या शेवटीच जन्मतो म्हणून त्याचं काही नाही. म्हणजे नातू एकूण तीन. आणि दुसऱ्या वर्षी जो सगळ्यात थोरला नातू जन्मला त्याला तिसऱ्या वर्षी एक पणतू. एकच. तर तीन वर्षांचा फरक म्हणजे ३ नातू आणि १ पणतू. आपल्या ८००० च्या उदाहरणात ३ गुणिले ८० म्हणजे २४० आणि पणतूचे ८, एकूण २४८. पाहिजे तर लांबच्या रस्त्याने तपासून बघ, रास १०,६४८ येते, चक्रवाढ व्याज २६४८, सरळव्याज २४००, फरक २४८ च.

इथे चूक कुठे होते माहितीये? लोक तीन नातू मोजतात आणि पणतू विसरतात. मग उत्तर २४० येतं आणि बऱ्याचदा ते पर्यायात असतंच, मग मन म्हणतं बरोबर आहे, पुढे चल. किंवा दुसरी चूक, दोन वर्षांचा फरक ८० आहे तर तीनचा दीडपट १२० असेल असं वाटतं. तीन वर्षांचा फरक हा दोन वर्षांच्या फरकाच्या तिप्पटीपेक्षा थोडा जास्तच असतो, ५ टक्क्याला ३.०५ पट, १० टक्क्याला ३.१ पट, २० टक्क्याला ३.२ पट. एवढं एक वाक्य डोक्यात असलं तरी चारातले दोन पर्याय नुसते बघूनच उडतात.

आता उलटं गणित, म्हणजे फरक दिलाय आणि मुद्दल काढा. परीक्षेत हेच जास्त त्रास देतं आणि इथे टक्क्यांचा अपूर्णांक केला की काम एकदम हलकं होतं. ४ टक्के म्हणजे पंचविसावा भाग, ५ टक्के म्हणजे विसावा, १० दहावा, साडेबारा आठवा, २० पाचवा, हे तर तुला येतच असेल. दोन वर्षांसाठी: दर ४ टक्के, फरक ४८ रुपये. नातू ४८ चा, तर मुलगा त्याच्या २५ पट म्हणजे १२००, आणि आजोबा अजून २५ पट, ३०,०००. वर चढत जायचं फक्त.

तीन वर्षांसाठी एक छान गोष्ट होते, ती मी पूर्ण करून दाखवते. प्रश्न असा: द.सा.द.शे. ५ दराने एका रकमेचा ३ वर्षांचा सरळव्याज आणि चक्रवाढ व्याजातला फरक १८३ रुपये आहे, तर रक्कम किती? ५ टक्के म्हणजे विसावा भाग. तर पणतू १ रुपयाचा धर. मग नातू २० चा, मुलगा ४०० चा, आजोबा ८००० चे. फरक म्हणजे तीन नातू आणि एक पणतू, ६० आणि १, म्हणजे ६१. आता ६१ फरक असेल तर मुद्दल ८०००, आपला फरक १८३ आहे, जो ६१ च्या बरोबर तिप्पट. म्हणून मुद्दल २४,०००. ह्यात सगळ्यात मोठा गुणाकार ४०० गुणिले २० होता. आणि तुझ्या जुन्या पद्धतीने एक पॉइंट शून्य पाचचा घन करून, त्यातून १ आणि ०.१५ वजा करून, मग १८३ ला त्याने भागत बसला असतास.

पणतू १ धरण्याची ही पद्धत एकदा हाताला बसली की दर बघताच एक आकडा आपोआप समोर येतो, कारण तो कायम "भागाची तिप्पट आणि एक" असतो. १० टक्क्याला ३१ (मुद्दल १०००), २० टक्क्याला १६ (मुद्दल १२५), साडेबारा टक्क्याला २५ (मुद्दल ५१२), ५ ला ६१ (मुद्दल ८०००), ४ टक्क्याला ७६ (मुद्दल १५,६२५). पाठ करायची गरज नाही, पाच सेकंदात तयार होतात. पेपर काढणाऱ्याला पण उत्तर पूर्ण संख्येत हवं असतं, म्हणून फरक बहुतेकदा याच आकड्याच्या पटीत येतो. १० टक्के आणि तीन वर्षं दिसलं आणि फरक ३१ ने भाग जातोय, तर समजून जा तू बरोबर रस्त्यावर आहेस. भाग जात नसेल तर आधी प्रश्न परत वाच, बहुधा आकारणी सहामाही असते किंवा वर्षं दोनच असतात.

ही युक्ती दर सुटसुटीत अपूर्णांकात बसतो तिथेच सरळ चालते हे मात्र लक्षात ठेव. १५ टक्के म्हणजे तीन विसांश, तिथे पणतू १ धरला तर वर चढताना नको ते अपूर्णांक येतात. तिथे उलट आजोबांपासून खाली ये, मुद्दल ८००० धर, मुलगा १२००, नातू १८०, पणतू २७, फरक ५४० आणि २७ म्हणजे ५६७. मग दिलेला फरक ५६७ च्या किती पट ते बघ. मुद्दल ८००० च का, तर २० चा घन आहे म्हणून, तीनदा भागलं तरी पूर्ण संख्या राहते. साडेसात टक्के आणि तीन वर्षं असं काही आलं तर मात्र आकडे किचकट होतात, तिथे पर्यायांत बराच फरक असेल तर नातवाच्या तिप्पटीपेक्षा थोडा मोठा पर्याय निवड, नाहीतर प्रश्न सोडून पुढे जा आणि शेवटी ये.

अजून एक प्रकार आहे ज्यात फरक थेट विचारत नाहीत पण चावी फरकातच असते. दोन वर्षांचं सरळव्याज २४००, चक्रवाढ व्याज २५४४, दर आणि मुद्दल काढा. फरक १४४, हा नातू. २४०० ही दोन मुलं, म्हणजे एक मुलगा १२००. नातू मुलाच्या किती टक्के? १४४ हे १२०० चे १२ टक्के, तोच दर, आणि मुद्दल १०,०००. इथे घाईत १४४ ला थेट २४०० ने भागतात आणि दर ६ टक्के काढतात, ही चूक मी इतक्या जणांच्या वहीत बघितलीये की आता वही उघडायच्या आधीच विचारते. नातवाची तुलना एका मुलाशी करायची, दोघांशी नाही. कधी कधी दोन वर्षांचा फरक आणि तीन वर्षांचा फरक दोन्ही देतात, समज ५० आणि १५२.५०. नातू ५०, तीन नातू १५०, उरलेले अडीच रुपये पणतूचे. अडीच हे ५० चे ५ टक्के, दर मिळाला. मुलगा १०००, आजोबा २०,०००. तुझ्या क्लासच्या यादीत याला वेगळं सूत्र असेल, पण गरज आहे का सांग.

आता तुझं सहामाहीचं दुखणं. व्याज दर सहा महिन्यांनी आकारतात म्हणजे घराण्यात पिढी वाढायला वर्ष नाही, सहा महिने लागतात, आणि मुलगा अर्ध्या दराचा होतो. एवढंच बदलतं, मोजणी तीच. १६,००० रुपये, दर १० टक्के, एक वर्ष, सहामाही आकारणी: हे ५ टक्क्यांचे दोन टप्पे. मुलगा ८००, नातू ४०. टप्पे दोन म्हणून एक नातू, फरक ४०. दीड वर्ष असेल तर टप्पे तीन, तीन नातू एक पणतू, १२० आणि २, फरक १२२.

पण तेच १६,०००, तेच १० टक्के, तेच दीड वर्ष, आणि आकारणी वार्षिक लिहिली असेल तर? हा सापळा नीट बघ. पहिल्या वर्षाचा मुलगा १६०० चा. पुढचं अर्धंच वर्ष आहे, म्हणून त्या अर्ध्या वर्षात तो ५ टक्केच कमावतो, ८० रुपये. पणतूचा प्रश्नच नाही. फरक ८०. एकाच प्रश्नात "सहामाही" शब्द असला तर १२२ आणि नसला तर ८०, आणि हे दोन्ही आकडे पर्यायात शेजारी शेजारी असू शकतात. म्हणून मी मुलांना सांगते की प्रश्न वाचताना आकड्यांच्या आधी आकारणीचा शब्द शोधा आणि त्याच्याखाली रेघ मारा, ऑनलाईन पेपर असेल तर रफ शीटवर पहिलं अक्षर लिहा, व किंवा स. काहीच लिहिलेलं नसेल तर वार्षिक धरायचं.

याच्याच जोडीला अजून एक प्रश्न येतो, एका वर्षासाठी वार्षिक आकारणी आणि सहामाही आकारणी यांच्या चक्रवाढ व्याजातला फरक. हे वाचून लोक दोन्ही राशी काढायला बसतात. अरे, वार्षिक आकारणीत पहिल्याच वर्षात नातू होतच नाही, म्हणजे तिथे चक्रवाढ आणि सरळव्याज एकच आहे. म्हणून उत्तर सहामाहीचा तो एक नातू, वरच्या उदाहरणात ४०.

तिमाही आली की एका वर्षात चार टप्पे होतात. मोजून बघशील तर चार टप्प्यांत ६ नातू, ४ पणतू आणि १ खापरपणतू. वार्षिक आकारणीत चार वर्षं घेतली तरी टप्पे चारच, म्हणून १०,००० वर १० टक्क्यांनी नातू १००, पणतू १०, खापरपणतू १, म्हणजे ६०० अधिक ४० अधिक १, फरक ६४१. हे क्वचितच विचारतात, आणि त्यापुढे पाच टप्प्यांना नातू मोजण्यापेक्षा सरळ रास काढलेली बरी.

दर दोन्ही वर्षी वेगळा असेल तरी घाबरू नको. ५००० रुपये, पहिल्या वर्षी १० टक्के, दुसऱ्या वर्षी २० टक्के. मुलगा पहिल्या वर्षी जन्मला म्हणून तो ५००, आणि तो दुसऱ्या वर्षी कमावतो म्हणून दुसऱ्या वर्षाच्या दराने, १००. फरक १००. तुझं पाठ सूत्र, दर गुणिले दर, इथे कुठला दर घ्यायचा म्हणून अडकतं, पण मुलगा कधी जन्मला आणि कधी कमावतोय हे बघितलं की अडकत नाही.

एका प्रश्नापासून मात्र सांभाळून राहा कारण शब्द जवळजवळ सारखे असतात. "दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या चक्रवाढ व्याजातला फरक" हा आपला प्रश्नच नाही, तिथे सरळव्याज कुठेच नाही. ८००० च्या उदाहरणात दुसऱ्या वर्षाचं व्याज ८८०, तिसऱ्याचं ९६८, फरक ८८, म्हणजे ८८० चे १० टक्के. इथे कुणी नातू मोजून ८० लिहिलं तर चुकलं. "दुसऱ्या वर्षाचं" आणि "दोन वर्षांचं" यात एका शब्दाचा खेळ आहे, तो पेपरमध्ये हमखास नजरेतून सुटतो.

सरावाचं म्हणशील तर पुढचे आठ दहा दिवस जुन्या पेपरमधली फक्त फरकाची गणितं काढ आणि रफ वर्कमध्ये एक ओळ सोडून काही लिहू नको: आजोबा, मुलगा, नातू, पणतू, चार आकडे बाणाने जोडलेले. पहिल्या दोन दिवशी उत्तर आल्यावर तुझ्या जुन्या पद्धतीने ताळा कर, म्हणजे विश्वास बसेल. नंतर ताळा फक्त त्या तिप्पटीच्या नियमाने. आणि घड्याळ तिसऱ्या दिवसापासूनच लाव, आधी नको, कारण मोजणी पक्की नसताना घाई केली की पणतूच सुटतो.

आत्ताच एक करून बघ. दर २० टक्के, तीन वर्षं, वार्षिक आकारणी, फरक ६४० रुपये, मुद्दल किती? पणतू १, नातू ५, मुलगा २५, आजोबा १२५, फरक १६. ६४० मध्ये १६ किती वेळा, ४०. १२५ ची चाळीस पट, ५०००. ताळा करायचा तर मुलगा १०००, नातू २००, पणतू ४०, तीन नातू ६०० आणि ४०. आता हेच गणित दर १० टक्के, फरक ९३० घेऊन तू स्वतः कर. ३०,००० येतंय का बघ, आणि वेगळं काही आलं तर तुझी ती चार आकड्यांची ओळ मला लिहून पाठव, नक्की कुठल्या पिढीत घोळ झालाय ते लगेच दिसेल.